विसावं पत्र

मुलुंड,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

ही चार अक्षरं तुझ्याचकडून घेतलेली. मे महिन्याच्या सुट्टीत तू राजापूरकडे गावी गेलास की तुझं निळं आंतर्देशीय पत्र यायचं आणि त्याच्या डोक्यावर, जणू काही तू तालुका कचेरीतला कारकून आहेस अशा थाटात, ‘स. न. वि. वि.’ असायचं. खाली मात्र आंबा, फणस, विहिरीचं आटलेलं पाणी आणि अमक्याची म्हैस. गावात तुझ्या घरी फोन नव्हता म्हणून आपण पत्रं लिहीत होतो, आणि म्हणूनच तू गेल्यावर पत्र लिहिणं हीच एक गोष्ट मला सुचली. तुझ्याशी लांबून बोलायची दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती.

यंदाचं हे विसावं. आपल्या कॉलेजच्या वार्षिकांकाच्या संपादकांनी माजी विद्यार्थी म्हणून काहीतरी लिहून मागितलं. ‘कॉलेजच्या आठवणी’ असा विषय त्यांनी सुचवला होता. कँटीनमधला बटाटेवडा आणि गॅदरिंगमधली फजिती यांवर पानं भरता आली असती. पण तारखा पाहिल्या आणि म्हटलं, हेच पत्र द्यावं. तुझं नाव छापायचं नाही, असं काकूंनी बजावलं आहे. तेव्हा तू ‘मित्रा’वर समाधान मान.

हे पत्र दर वर्षी १० ऑगस्टला लिहितो. तुझ्या घरी तुझी तिथी पाळतात, श्रावण शुद्धातली. काकू त्या दिवशी पान वाढून ठेवतात, कावळ्याला घास ठेवतात. मी तारीख धरली, कारण मला पंचांग कळत नाही आणि तारीख चुकवता येत नाही. शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी तीच लिहावी लागते. पण यामुळे एक गंमत झाली. काकूंचा दिवस आणि माझा दिवस कधी एकत्र येत नाहीत. तिथी दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि मध्ये अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा माझं पत्र लिहून झालं आणि काकूंचं पान जवळजवळ दोन आठवड्यांनी वाढलं गेलं. यंदा त्यांचा दिवस जुलैअखेरीलाच होऊन गेला. एकच माणूस, पण त्याच्या जाण्याचे दोन दिवस, आणि मधल्या दिवसांत दोन्ही घरी एक चमत्कारिक शांतता. मात्र एकोणीस वर्षांनी चंद्राचा आणि सूर्याचा हिशेब पुन्हा जुळतो म्हणतात. तो जुळला. २०२४ च्या ऑगस्टात तिथी आणि तारीख हातात हात घालून आल्या. त्याबद्दल पुढे लिहितो. कारण या पत्रात नवं असं तेवढंच आहे.

पहिलं पत्र लिहिलं २००६ साली. अडीच रुपयांचं आंतर्देशीय आणलं. तीन घड्यांचा तो कागद फार शहाणा असतो. जागा संपली की आपलं रडणंही संपवावं लागतं. लिहून झालं, घड्या घातल्या, डिंक लावला, आणि हाताच्या सवयीने वर तुझं नाव आणि असल्फ्याचा पत्ता घातला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण स्टेशनबाहेर लाल पेटी दिसली आणि ते पत्र मी आत टाकलं. टाकताना वाटलं, हे कुठेतरी पोहोचेल. ते कुठे पोहोचेल याचा विचार मी केलाच नाही! पोस्टमन बिचारा पत्त्यावर जातो. तुझ्या नावाचं पत्र तुझ्या वर्षश्राद्धानंतर काकूंच्या हातात पडलं. मला हे तुझ्या धाकट्या बहिणीकडून कळलं. ती एवढंच म्हणाली, “दादा, पुन्हा नको हं पाठवू.” त्यानंतर पत्रं लिहिली ती बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवली. काकूंना तोंड दाखवायची मात्र चोरी झाली. दिवाळीला जायचो, फराळ खाऊन यायचो, पत्राचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

दुसरं पत्र सर्वांत महत्त्वाचं ठरलं, आणि ते पत्र मुळी पत्रच नव्हतं. त्या वर्षी मला काही सुचेना. ‘तू गेलास आणि सारं सुनं झालं’ असली वाक्यं पहिल्याच वर्षी संपली होती. म्हणून कागदाच्या डाव्या बाजूला मी नुसत्या तारखा लिहीत गेलो आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी काय झालं ते एकेका ओळीत. तुला ते पुन्हा सांगतो. तुझ्यासाठी नव्हे, तर हा अंक वाचणारी पोरं त्या वेळी पाळण्यातसुद्धा नव्हती, त्यांच्यासाठी.

२६ जुलै २००५, मंगळवार. दुपारी दोननंतर जो पाऊस सुरू झाला त्याला पाऊस म्हणणं हा उपचार झाला. पुढे वेधशाळेने आकडा दिला: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. म्हणजे फोर्टातल्या माणसाला छत्री पुरली आणि आपल्या उपनगरात बस बुडाल्या. आपण दोघे लायब्ररीत बसलो होतो. अंधेरी स्टेशनवर आलो तर गाड्या बंद, भुयारी रस्ता तुडुंब. तू म्हणालास, “चल, चालत. घाटकोपर काय लांब आहे?” साडेचारच्या सुमाराला अंधेरी-कुर्ला रस्त्याने निघालो. चकाल्यापर्यंत घोट्याएवढं, मरोळ नाक्याला कमरेएवढं. रस्ता कुठे आणि गटार कुठे ते कळत नव्हतं, म्हणून माणसं एकमेकांचे हात धरून, दुभाजकाच्या कडेने, पायाने चाचपत पुढे सरकत होती. कुणी खिडकीतून बिस्किटांचे पुडे खाली टाकत होतं. एका दुकानदाराने आपल्याला चहा दिला आणि पैसे काढले तेव्हा तो रागावला.

साकीनाक्याच्या अलीकडे माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि चप्पल पाण्याबरोबर गेली. एक गेली म्हणून दुसरी मी फेकून दिली. तू काही न बोलता वाकलास, तुझ्या सँडलचे पट्टे सोडलेस आणि त्या माझ्या हातात दिल्यास. मी नको म्हटलं. तू म्हणालास, “अरे, मी गावी शाळेत अनवाणीच जायचो. तुझे पाय शहरी.” खरं सांगायचं तर मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मग साकीनाक्याला कुणीतरी ओरडलं की डोंगर खाली आला, झोपड्या गाडल्या गेल्या. ते खरंच होतं, तिथे त्या दिवशी कित्येक माणसं गेली. पण कुठला डोंगर ते सांगणारा सांगू शकत नव्हता, आणि तुझं घर डोंगराच्याच उतारावर. त्यानंतर तू चालला नाहीस, त्या पाण्यातून जवळजवळ धावलास. टाचेला काय लागलं, पत्रा की काच, ते तुलाही कळलं नाही. रात्री साडेनऊला घरी पोहोचलो. वीज नव्हती. घर उभं होतं. काकूंनी अंधारात आपल्या अंगावर टॉवेल टाकले आणि आपण ओल्या लाद्यांवर झोपलो.

२७ जुलै. सकाळी टाच पाहिली. दीडेक इंचाची चीर, कडा पांढऱ्या पडलेल्या. तू हळद दाबलीस. मी मुलुंडला चालत निघालो तेव्हा सँडल माझ्याच पायांत होत्या. “कॉलेजात दे,” म्हणालास. मागाहून काकूंनी विचारलं तेव्हा तू सांगितलंस की त्या वाहून गेल्या. मला वाईट वाटू नये म्हणून मारलेली ती थाप.

४ ऑगस्ट, गुरुवार. ताप, डोकं फुटेल असं दुखणं, डोळे लाल. पोटऱ्यांना हात लावू देईनास.

५ ऑगस्ट. काकू आणि मी तुला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर त्या आठवड्यात शंभर-शंभर ताप बघत होते, तरी त्यांनी विचारलं, “पाण्यातून आलास ते ठाऊक आहे. कुठे लागलंबिगलं नाही ना?” तू माझ्याकडे पाहिलंस. काकू शेजारी उभ्या होत्या. लागलं म्हटलं असतं तर कसं लागलं, चपला कुठे होत्या, हे सगळं निघालं असतं. तू म्हणालास, “नाही.” आणि मी, जो हे सगळं जाणत होतो, तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. डॉक्टरांनी पोटऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा मीच हसून सांगितलं, “अंधेरीपासून चालत आलो ना आम्ही, त्याचंच.”

६ ऑगस्ट. रक्ताचा रिपोर्ट. मलेरिया नाही. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

७ ऑगस्ट. ताप उतरला. तू दोन घास भात खाल्लास.

८ ऑगस्ट. डोळे पिवळे. दिवसभरात लघवी जेमतेम. हॉस्पिटल. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटरी दाबली, डोळे पाहिले आणि तडक तुझे पाय उचलून तळवे बघितले. टाचेवरची वाळलेली खूण त्यांनी एका क्षणात शोधली.

१० ऑगस्ट, बुधवार. पहाटे धाप, थुंकीतून रक्त. सहा वाजून गेले होते.

एवढी यादी लिहून मी वाचत बसलो आणि ‘४ ऑगस्ट’ या ओळीवर नजर अडली. २६ जुलै ते ४ ऑगस्ट म्हणजे नऊ दिवस. चालण्याने दुखलेल्या पोटऱ्या दोन-तीन दिवसांत बऱ्या होतात. माझ्याही दुखल्या होत्या, त्या २९ तारखेला मी विसरूनही गेलो होतो. नवव्या दिवशी पोटऱ्या चालण्याने दुखत नाहीत! हे समजायला वैद्यकीची पदवी लागत नव्हती, नुसत्या तारखा एकाखाली एक मांडाव्या लागत होत्या. ते मी दोन वर्षांनी मांडल्या. दवाखान्यात माझ्या हसण्याने डॉक्टरांच्या हातातला एक धागा काढून घेतला, आणि दुसरा धागा आपण दोघांनी मिळून लपवला.

त्यानंतरची दोन-तीन पत्रं मी अभ्यासाला लावली. लेप्टोस्पायरोसिस हे नाव तेव्हा पेपरांत रोज येत होतं, पण तो काय प्रकार आहे ते मी मागाहून शिकलो. उंदरांच्या, गुराढोरांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि माणसाच्या चिरलेल्या, सोललेल्या कातडीतून, डोळ्यांतून, तोंडातून आत शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवस काही कळत नाही. मग ताप येतो, आणि तो सुरुवातीला मलेरियासारखा, डेंग्यूसारखा, साध्या तापासारखाही दिसतो. वेगळेपण असलंच तर दोन गोष्टींत: पोटऱ्यांचं ते विलक्षण दुखणं आणि चिपडं न येता लाल झालेले डोळे. त्यातही तो फसवा. मध्येच उतरतो, घरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्याच वेळी तो मूत्रपिंडांकडे, यकृताकडे, फुप्फुसांकडे वळलेला असतो. तुझ्या ७ तारखेच्या त्या दोन घास भाताचा अर्थ मला असा लागला. पहिल्या काही दिवसांतच संशय येऊन औषध सुरू झालं तर बहुतेक माणसं उठून बसतात. आणि संशय येण्यासाठी डॉक्टरांच्या हातात रक्ताच्या रिपोर्टाआधी एकच साधन असतं: रोगी काय सांगतो ते.

माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचे भाऊ डॉक्टर आहेत. त्यांना मी २०११ साली सारी हकीकत सांगून सरळ विचारलं, “सांगितलं असतं तर तो वाचला असता का?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फुप्फुसात रक्तस्राव झालेले काही जण औषध वेळेवर मिळूनही जातात. संधी वाढली असती, एवढंच मी म्हणेन.” मला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. यांपैकी कुठल्याही एका उत्तरावर मी झोपू शकलो असतो. ‘संधी वाढली असती’ हे उत्तर घेऊन मी पुढची पत्रं लिहिली.

सगळीच पत्रं काही अशी नाहीत. एक वर्ष असं गेलं की रात्री अकरा वाजता आठवण झाली आणि दिव्याखाली चार ओळी खरडून मी कर्तव्य उरकलं. २०१० चं पत्र मात्र फार सुंदर झालं होतं. त्यात मेघ होते, प्राजक्त होता, मावळतीचा रंग होता. इतकं सुंदर की मी ते एका घरगुती साहित्यिक बैठकीत वाचून दाखवलं, बायकांनी डोळे पुसले, एका गृहस्थाने पाठीवर थाप मारली. घरी परतताना लोकलमध्ये लक्षात आलं की त्यात तू नव्हतास. तुझ्या जागी कुठलाही मेलेला माणूस चालला असता, मात्र माझ्या जागी दुसरा कुणी चालला नसता. मुलुंड यायच्या आत मी ते फाडलं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्यातला हा मोठा धोका आहे. तो उत्तर देत नाही, ‘काय फेकतोयस?’ असंही म्हणत नाही. मग आपण मोकाट सुटतो. तेव्हापासून एक नियम केला की दर पत्रात तुला न रुचणारी निदान एक गोष्ट असलीच पाहिजे.

२०१७ च्या पत्रात अशी एक आहे, आणि त्या वर्षी पत्र दोन वेळा लिहावं लागलं. २९ ऑगस्टला पुन्हा तसलाच पाऊस झाला, सांताक्रूझला तीनशेच्या वर. गणपतीचे दिवस. मी शाळेतल्या दोन मुलांना घरी सोडायला गुडघाभर पाण्यातून गेलो. आता महानगरपालिका दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललात तर बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभा राहिलो. पायाला जखम नव्हती, म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या शंभर मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदाच घ्यायला सांगितल्या. जखम असती तर आणखी दिवस घ्याव्या लागल्या असत्या. दोन गोळ्या! जेवण झाल्यावर पाण्याबरोबर. मी त्या हातावर घेऊन बराच वेळ बसलो होतो. घेतल्या, अर्थात. पण घेताना आपण तुझ्या पानातलं काहीतरी उचलून खातो आहोत असं वाटलं. ज्यांना घरी सोडलं त्या मुलांच्या आईबापांनाही मी फोन करून गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारायला लावलं. इतका मागे लागलो की एका मुलाचे वडील शेवटी वैतागले.

आता गेल्या वर्षीचं.

२०२४ चा १० ऑगस्ट शनिवारी आला आणि तिथीही त्याच सुमाराला. तुझ्या धाकटीने फोन केला, “दादा, आई म्हणते, या वेळी जेवायलाच ये.” म्हटलं, यंदा पत्र न लिहिता जे सांगायचं ते तोंडानेच सांगावं, आणि सँडल परत करावी. ती आमच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून एकोणीस वर्षं पडून होती. स्टुलावर चढून काढली. पट्टे ठीक होते, पण तळ हातात धरताच त्याचा भुगा झाला, ओल्या बिस्किटासारखा. चांभाराला दाखवली तर तो म्हणाला, असले सोल वापरले नाहीत की दमट हवेत आतल्या आत कुजतात. पायात असते तर झिजले असते, असे फुटले नसते. मी ते पट्टेच तेवढे पिशवीत घातले.

मुलुंडहून थेट घाटकोपरला न उतरता मी मुद्दाम वळसा घेऊन अंधेरीला गेलो आणि तिथून मेट्रो धरली. २०१४ पासून आपल्याच त्या रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते. चकाला, मरोळ नाका, साकीनाका, असल्फा. एक बाई गोड आवाजात आपल्या त्या संध्याकाळचे टप्पे एकामागून एक पुकारत जाते. आपल्याला जिथे पाच तास लागले तिथे आता वीस मिनिटंही लागत नाहीत. खिडकीतून तुमचा डोंगर दिसतो. घरांना निळेपिवळे रंग दिले आहेत, लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढतात.

जेवण झालं. काकू आता वाकून चालतात, काका जाऊनही बरीच वर्षं झाली. मी पिशवी उघडणार इतक्यात त्याच उठल्या, देव्हाऱ्याखालचा खण ओढला आणि एक निळं पत्र माझ्यापुढे ठेवलं. २००६ चं. डिंक जसाच्या तसा.

“काकू, उघडलं नाहीत?”

“त्याच्या नावाचं होतं. दुसऱ्याचं पत्र कसं उघडायचं?”

धाकटी म्हणाली, “दादा, तूच वाच.” मी कड फाडली. माझी छाती धडधडत होती, कारण त्यात मी काय लिहिलं होतं ते मला आठवत नव्हतं. कदाचित सगळं कबूल केलं असेल, असं वाटलं. मोठ्याने वाचलं. बी. ए. चा निकाल, तुझ्याशिवाय लायब्ररीत कसं करमत नाही, पाऊस यंदा बेताचा, आणि शेवटी ‘तुझी फार आठवण येते’. सँडल नव्हती, टाच नव्हती, दवाखाना नव्हता. अठरा वर्षं देवाजवळ राखलेल्या त्या कागदात काहीही नव्हतं. काकू मात्र पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या आणि निकालाच्या ओळीला त्यांनी मान डोलावली.

मग मी सांगितलं. पट्टे काढून समोर ठेवले आणि साकीनाक्यापासून दवाखान्यातल्या कॅलेंडरापर्यंत सगळं सांगितलं. पोटऱ्यांवर हसलो तेही.

काकूंनी पट्टे हातात घेतले. “याचं मला ठाऊक होतं रे,” त्या म्हणाल्या. “सकाळी तू उतारावरून गेलास तेव्हा तुझ्या पायांत त्याच्याच होत्या. दारातून बघितल्या की मी. तो म्हणाला वाहून गेल्या, म्हटलं असू दे, मैत्रीतलं आहे.” थोडं थांबून म्हणाल्या, “पण लागलं होतं, हे नव्हतं सांगितलं त्याने.” आणि मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता, “विचारलं होतं डॉक्टरने. मी होते तिथे.”

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. ‘तुझी काय चूक’ असं त्या म्हणतील ही आशा मी बाळगून होतो, ती तशीच घेऊन उठलो. मी पायात चपला घालत असताना त्यांनी दारात येऊन विचारलं, “अजून लिहितोस का त्याला?”

“हो.”

“मग इथे आणून देत जा. पेटीत नको टाकू, हरवेल.”

म्हणून आज दुपारी हे लिहून झालं की जायचं आहे. आंतर्देशीयावर एवढं सगळं मावणार नाही, तेव्हा ही लांबलचक प्रत अंकाला, आणि काकूंच्या खणात जाणाऱ्या निळ्या कागदावर फक्त तारखांची ती यादी, २६ जुलैपासून १० ऑगस्टपर्यंत, जशी २००७ साली लिहिली होती तशी. डिंक लावून, तुझं नाव घालून देईन. काकू ते उघडणार नाहीत हे मला माहीत आहे. धाकटीला सांगून ठेवलं आहे की त्यांनी कधी स्वतःहून वाचायला मागितलं तर वाचून दाखव, ५ तारीख गाळू नकोस.

लायब्ररीतली आपली खिडकीजवळची जागा अजून आहे. परवा संपादकांना भेटायला गेलो तेव्हा तिथे दोन पोरं पुस्तक उघडं टाकून बाहेरचा पाऊस बघत बसली होती. एकाच्या पायात रबरी चप्पल होती. मी त्यांना म्हटलं, पाणी भरायच्या आत निघा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मास्तर दिसतोय.

कळावे,

तुझा,
मी